युरिक अॅसिड ८.१, पण सांधे ठणठणीत: गोळी लागते का?

‘रिपोर्टमध्ये युरिक अॅसिड ७ च्या वर आलं की दुखत नसलं तरी गोळी सुरू करा, नाहीतर संधिवात ठरलेलाच.’

हे चूक आहे. ७ च्या आसपास युरेटचे स्फटिक बनू शकतात. पण युरिक अॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट, म्हणजे या स्फटिकांमुळे होणारा संधिवात, कधीच होत नाही. उलट युरिक अॅसिड कमी करणाऱ्या अॅलोप्युरिनॉल या गोळीने क्वचित त्वचेवर जीवघेणी रिअॅक्शन येते.

समजा आकडा ८.१ आहे. आधी बीपीची गोळी पाहा: हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर वाढ तिच्यामुळेही असू शकते (स्वतःहून मात्र बंद करू नका). सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासा. युरिक अॅसिडचा मूतखडा किंवा कॅन्सरची केमोथेरपी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे न दुखताही औषध लागू शकतं. पायाच्या अंगठ्याचा सांधा रातोरात लाल होऊन सुजला, तर लगेच दाखवा.