टेप घेऊन गाडी बघायला

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात कुणी मायलेज विचारलं नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "उतरता येईल ना?"

आमच्या जुन्या गाडीत बाबा बसत नसत, पडत. एक हात छतावर, दुसरा माझ्या खांद्यावर आणि मग डोळे मिटून देह सोडून देणे. चढायला निदान गुरुत्वाकर्षणाची मदत तरी होती. उतरताना तेच उलटायचं आणि मी, आई आणि रस्त्यावरचा एखादा सज्जन अशी तिघांची फौज लागायची.

म्हणून मी आधी घरातली खुर्ची मोजली. बाबा कुणाचाही हात न धरता जिच्यावरून उठतात ती. जमिनीपासून ५० सेंटीमीटर. हा आकडा आणि टेप खिशात घालून आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो.

तिथला मुलगा मोठ्या उत्साहाने स्क्रीन, सनरूफ दाखवू लागला. मी खाली बसून सीट मोजू लागलो. गादी दाबूनच मोजायची, कारण माणूस बसला की ती चार बोटं खाली जाते. आली ४८. "दोनच कमी," असं म्हणत बाबांना बसवलं. बसले. मग उठेचनात. "मी इथेच राहतो, डबा आणत जा," म्हणाले.

दोन सेंटीमीटरनी एवढा घात कसा केला? खुर्चीवरून उठताना आपण पाय मागे, खुर्चीखाली ओढतो आणि भार पावलांवर घेतो. गाडीत मागे उंबरा आडवा येतो, त्यामुळे पाय पुढेच राहतात. रेटा द्यायला खुर्चीसारखे दोन हातही नसतात. म्हणजे गाडीची सीट खुर्चीहून चांगली दहा-बारा सेंटीमीटर तरी उंच हवी.

"मग उंचच दाखवतो," म्हणत मुलाने एक दांडगी गाडी पुढे आणली. त्याने ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा अभिमानाने सांगितला, पण तो गाडीच्या पोटाचा, आम्हाला हवा होता बैठकीचा. तो निघाला ८२. बाबा आडवे सरकत छान बसले. आईची मात्र पंचाईत. ती पाच फुटांच्या आत. एक पाय उंबऱ्यावर टाकून ती मधेच थांबली आणि तिथूनच म्हणाली, "आता पुढे काय करायचं असतं?" मागून मी, पुढून बाबा. मुलगा सभ्यपणे दुसरीकडे बघत उभा.

तिसऱ्या गाडीची सीट ६२. दोघंही बसले, दोघंही उतरले. मी पेन काढणार इतक्यात आई म्हणाली, "मागे बसून बघितलंय का कुणी?"

मागच्या दाराची खरी गंमत खाली असते. वरून बघाल तर दार ऐसपैस. पण चाकाची कमान मागून आत घुसते, मधला खांब पुढून, आणि पाऊल जायला उरते ती खालची चिंचोळी फट. बाबांचा बूट ३० सेंटीमीटर लांब, फट २४. पाऊल आडवं करून आत गेलं, पण बाहेर येताना बुटाचं टोक खांबाला अडकलं. बाबा बाहेर, बूट आत. मुलाने बूट काढून दोन्ही हातांनी अदबीने पुढे केला. मला वाटतं, तोवर त्याच्याही लक्षात आलं होतं की आज सनरूफ खपणार नाही.

त्याच उंचीची चौथी गाडी मिळाली. फट ३८, दार जवळजवळ काटकोनात उघडणारं, आत धरायला दांडा. शिवाय पुढची, चालकाशेजारची सीटही वर-खाली होणारी. हे विचारूनच घ्यावं, कारण बऱ्याच गाड्यांत ती चैन फक्त चालकाला असते. मी दोघांना तीन-तीनदा बसवलं-उतरवलं. पहिल्या वेळी माणूस भिडेखातर "छान आहे" म्हणतो, तिसऱ्या वेळी गुडघे बोलतात. गुडघे गप्प राहिले. गाडी घेतली.

पहिल्याच दिवशी मी ती ऐटीत फुटपाथला अगदी चिकटवून उभी केली. बाबा फुटपाथवरून बसायला गेले आणि धप्पकन आत कोसळले. "अरे, ही तीच का? ही तर खाली बसली!"

टेप काढला. फुटपाथ १५ सेंटीमीटर. बासष्टातून पंधरा गेले, राहिले सत्तेचाळीस. पहिल्या गाडीपेक्षाही एक कमी.

तेव्हापासून मी फुटपाथपासून चांगलं हातभर लांब, जवळजवळ रस्त्यातच गाडी थांबवतो. मागचे हॉर्न वाजवतात. बाबा दार काटकोनात उघडतात, दोन्ही पाय बाहेर ठेवतात, दांडा धरतात आणि हॉर्नच्या दिशेने एक हात वर करून सावकाश उभे राहतात.