"संपूर्ण टीमचं अभिनंदन" म्हणजे नक्की कुणाचं?

मागच्या आठवड्यात आमचं एक फीचर लाइव्ह गेलं आणि संध्याकाळी सेलिब्रेशन पोस्टचा मसुदा माझ्याकडे आला. "सांगताना अत्यंत आनंद होतोय की आमचा नवा, अधिक वेगवान आणि अखंड फॉर्म-अनुभव आता उपलब्ध आहे! संपूर्ण टीमच्या अथक परिश्रमांचं हे फळ." पुढे तीन रॉकेट आणि एक फुगा.

मी तो दोनदा वाचला. त्यातला "फॉर्म" शब्द काढून "पेमेंट" किंवा "चॅट" घातला असता तरी कुणाला फरक कळला नसता. बनवलं काय, हेच त्यात नव्हतं.

बनवलं होतं ते असं. आमचा अर्ज चार पानांचा. तिसऱ्या पानावर जुना नोंदणी क्रमांक विचारतो. तो कुणाला पाठ असणार? माणूस उठतो, कपाटातला कागद शोधतो, परत येऊन क्रमांक टाकतो आणि "पुढे" दाबतो. तेवढ्यात १५ मिनिटं उलटलेली असतात, सेशन संपलेलं असतं. समोर लॉगिनचं पान. लॉगिन केलं की अर्ज पुन्हा कोरा, पहिल्या पानापासून. आता लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं आणि परत आल्यावर अर्ज सोडला होता तिथूनच उघडतो.

मग पोस्टची सुरुवात मी तिथूनच केली: "तिसऱ्या पानावरचा क्रमांक शोधायला उठलात आणि परत येईपर्यंत अख्खा अर्ज कोरा झाला, असं आता होणार नाही." आनंद वगैरे कापला. "वेगवान" पण कापला, कारण वेग कुणी मोजलाच नव्हता. "तक्रारी घटल्या" असंही एकाने सुचवलं होतं. पहिल्याच दिवशी? ते महिनाभराने आकडे बघून लिहू.

खरी कसरत पुढे होती, कुणी काय केलं ते लिहिण्याची. मराठीत कर्मणी प्रयोग फार सोयीचा पडतो. "सुधारणा करण्यात आली" म्हटलं की करणारा वाक्यातून अलगद निसटतो. मी हट्टाने प्रत्येक वाक्याला कर्ता लावला, आणि लावायला गेल्यावर कळलं की मलाच नीट माहीत नाही.

आधी गिट लॉग उघडला. तिथे दोघांचीच नावं. पण लॉगमध्ये दिसतो तो कोड कमिट करणारा; ज्याने कोडची एक ओळही लिहिली नाही तो तिथे येणार कुठून? शिवाय आमच्याकडे स्क्वॅश करून मर्ज करतात, त्यामुळे दोघांनी मिळून केलेलं काम बरेचदा एकाच्याच नावावर दिसतं. म्हणून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "तुझ्याशिवाय आणखी कोण नसतं तर हे अडलं असतं?" (स्वतःबद्दल विचारलं की लोक लाजतात तरी किंवा फुगवतात तरी.)

उत्तरांतून जे निघालं ते मसुद्यात कुठेच नव्हतं. इथे नावं देत नाही, पोस्टमध्ये दिली आहेत. सपोर्टमधल्या मुलीने "लॉगिन होत नाही" या खात्यात पडलेली तिकिटं परत वाचून काढली आणि बहुतेकांना लॉगिन जमतंय, अर्ज हरवतोय, हे दाखवून दिलं. बॅकएंडवाल्याने अर्धवट भरलेले अर्ज साठवायची सोय केली. टेस्टिंग करणाऱ्याने तोच अर्ज दोन टॅबमध्ये उघडला, तर जुन्या टॅबने नव्यातलं लिखाण पुसून टाकलं. त्यावर फ्रंटएंडवालीने प्रत्येक सेव्हसोबत आवृत्ती क्रमांक पाठवायला सुरुवात केली. आता क्रमांक जुना असेल तर सर्व्हर सेव्ह नाकारतो आणि टॅब तसं सांगतो. डिझायनरने "सेव्ह झालं" ऐवजी "शेवटचं सेव्ह १०:४२" लिहिलं, कारण नुसत्या "झालं"वर लोक विश्वास ठेवत नव्हते आणि उगाच पान रिफ्रेश करत होते.

मॅनेजरसाहेबांचा आक्षेप होता: "नावं घेतली की राहिलेले दुखावतात." बरोबर आहे, दुखावतात. पण सगळ्यांना एका "टीम"मध्ये कोंबलं की ती सपोर्टवाली कायमचीच राहते, फक्त तिचं दुखणं आपल्या कानावर येत नाही. म्हणून टाकण्याआधी पोस्ट सगळ्यांना दाखवली. बॅकएंडवाला म्हणाला, "आवृत्ती क्रमांकाची कल्पना माझी नाही, तिची आहे," तेव्हा ते वाक्य बदललं. एकाने नाव नको म्हटलं, काढलं. तिकिटांमधली ग्राहकांची वाक्यं मात्र जशीच्या तशी घेतली नाहीत. ती त्यांनी मदत मागायला लिहिली होती, आमच्या पोस्टसाठी नाही.

शेवटी एक ओळ घातली जी मार्केटिंगला अजिबात आवडली नाही: "जोडलेल्या फाइल्स अजून सेव्ह होत नाहीत, त्या पुन्हा जोडाव्या लागतील." बरीच घासाघीस झाली, ओळ राहिली.

पोस्टखाली पहिलीच कमेंट आली: "फाइल्सचं कधी करताय?" उत्तर सपोर्टवालीने दिलं, स्वतःच्या नावाने.