सहा लाख भागिले बारा बरोबर पन्नास हजार नसतात हो

सकाळी भाचीचा मेसेज. पहिली पेस्लिप आणि खाली एकच ओळ, "मावशी पगार चुकून कमी आलाय का गं?" नेट पे ३६,८००.

चुकून काही कमी आलेला नाही. मी सोळा वर्षं पेरोलमध्ये आहे, असली स्लिप मी डोळे मिटून बनवू शकते, आणि म्हणूनच आज डोकं फिरलंय. कारण दीड महिन्यापूर्वी भाऊजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, पोरीला महिना पन्नास हजार लागले म्हणून. जाहिरातीत लिहिलेलं सीटीसी सहा लाख, माणसाने बाराने भागलं, झाले पन्नास. त्यांचं काय चुकलं? कुणीही असंच भागेल.

तर सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी. तुमचा पगार नव्हे, तुमच्यापायी कंपनीला वर्षाला येणारा खर्च. पोरीला म्हटलं ऑफर लेटरचं शेवटचं पान काढ, ते अ‍ॅनेक्शर म्हणतात ते. तिने ते उघडूनच बघितलं नव्हतं!! सही मात्र प्रत्येक पानावर केली होती.

आता बघा त्या सहा लाखात काय काय कोंबलेलं होतं. ६०,००० व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून वर्षाअखेरीस देणार, दिले तर. बेसिक महिना २५,०००, त्यावर कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्के म्हणजे महिना ३,०००, वर्षाला ३६,०००, तोही तिच्याच सीटीसीत धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, १४,४३०. ही कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग काढल्यावर हातात पडते, पोरगी दोन वर्षांत नोकरी बदलणार हे तिलाही माहितीये आणि एचआरलाही, पण आकडा सीटीसीत बसलाय. मेडिक्लेमचा हप्ता ९,५७०. बेरीज करा, बरोबर १,२०,०००. राहिले ४,८०,०००, म्हणजे महिना ४०,०००, याला ग्रॉस म्हणतात. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ परत ३,००० आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३०० जाईल, तेव्हा पुन्हा "चुकून" म्हणू नकोस बाई). उरले ३६,८००. इन्कम टॅक्स नवीन रेजिममध्ये एवढ्यावर लागत नाही, तेवढंच नशीब.

हो, पीएफ तिचाच पैसा आहे, दोन्ही बाजूंचा, व्याजासकट मिळेल, मान्य. पण खोलीचं भाडं पीएफमधून देता येत नाही.

आणि गंमत म्हणजे हेच सहा लाख दुसरी एखादी कंपनी वेगळे मांडते. पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापला की दोन्हीकडचा १,८००-१,८०० होतो, आणि बाकी सगळं तसंच ठेवून हातात ३९,२०० येतात. सीटीसी तेवढाच, हातात २,४०० चा फरक. म्हणून दोन ऑफर आल्या की नुसता सीटीसी शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. फोनवरच विचारायचं, फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, कंपनीचा पीएफ सीटीसीच्या आत की बाहेर, आणि सगळं कापून इन हँड किती. आणि सीटीसीचा ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती ही फोड, मेलवर मागायचा, सही करायच्या आधी. कुणी रागावत नाही. रागावलं तर तेही कळलेलं बरंच.

भाडं म्हटलं म्हणून आठवलं. जाहिरातीत ठळक अक्षरात डब्ल्यूएफएच होतं. घरून काम, सांगलीत राहून पुण्याचा पगार, ताई तर केवढी खूष, पेढ्यांमागे अर्धं कारण तेच होतं. ऑफर लेटरमध्ये काय? "वर्क लोकेशन: पुणे." आणि खाली बारीक टायपात, कंपनीच्या गरजेनुसार कामाची जागा बदलू शकते. तिसऱ्या आठवड्यात मेल आला, सोमवार ते बुधवार ऑफिसला या. झालं, आता हिंजवडीत शेअरिंगमध्ये खोली, ९,००० भाडं, डिपॉझिट वेगळं. आता ३६,८०० मधून वजा करा.

जाहिरातीतलं डब्ल्यूएफएच म्हणजे आज घरून, उद्याचं बघू, एवढंच समजायचं. कायमचं घरून असेल तर ऑफर लेटरमध्ये तसं लिहून पाहिजे. आणि कामाची वेळ कुठल्या देशाची तेही विचारा, घरून आहे पण रात्री दोनपर्यंत आहे असंही असतं. (आणि घरबसल्या डाटा एंट्री, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, असलं दिसलं तर ती नोकरीच नाही, सरळ ब्लॉक करा.)

जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, तिचं दोन पानी होतं. कस्टमर सक्सेस वगैरे छान छान शब्द. मी वाचलं तर सातव्या ओळीत "पेमेंट फॉलोअप" आणि सगळ्यात शेवटी "व्यवस्थापनाने सांगितलेली इतर कामं". ही शेवटची ओळ सगळीकडेच असते, तिच्यावर चिडून उपयोग नाही. पण जेडीत क्रियापदं बघायची. काय करायचंय, फोन करायचे, रिपोर्ट बनवायचे, वसुली करायची, तेवढं पेनाने अधोरेखित करा, बाकी "डायनॅमिक टीम प्लेयर" वगैरे सोडून द्या. आणि जेडीचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण भरती झाली की जाहिरात गायब होते आणि मग "आम्ही असं कधी म्हटलं?"

आता केआरए, की रिझल्ट एरिया, जो जाहिरातीत कुणीच वाचत नाही. जेडी सांगतं तुम्ही काय करणार, केआरए सांगतो तुम्हाला मोजणार कशावर. आणि ते ६०,००० व्हेरिएबल? ते याच केआरएला बांधलेले असतात! भाचीच्या पत्रात लिहिलंय, व्हेरिएबल केआरए आणि कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून. केआरए काय ते मात्र "जॉइनिंगनंतर कळवण्यात येतील". उद्या ६० टक्के वजन वसुलीला दिलं, आणि ग्राहकाने पैसेच भरले नाहीत, तर हिच्या साठ हजारांतले छत्तीस हजार तिसऱ्याच्या खिशावर अवलंबून. म्हणून विचारायचं, केआरए कुठले, कशाला किती वजन, गेल्या वर्षी या टीमला व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळालं, आणि पैसे देण्याच्या तारखेला नोकरीत असणं सक्तीचं आहे का. शेवटचं तर नक्की विचारा, मार्चमध्ये राजीनामा देऊन एप्रिलचं व्हेरिएबल घालवलेली कितीतरी पोरं मी पाहिलीत.

पाहिलीत म्हणजे काय, त्यांचे फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचे शेवटचे हिशोब, मीच केलेत. आता एवढं तावातावाने टाईप करतेय पण हे असले ब्रेकअप एक्सेलमध्ये मीच बसवते की रोज. वरून सहा लाख आकडा येतो, त्यात सगळं बसवून दे म्हणतात, मी बसवते. ग्रॅच्युइटीची ओळ टाकताना एकदाही वाटलं नाही की पलीकडे कुणीतरी पेढे आणायला गेलंय.

भाचीला म्हटलं, एचआरला मेल टाक, केआरए लेखी द्या म्हण. टाकला. तासाभरात उत्तर, "विल बी शेअर्ड शॉर्टली". दुपारी ताईचा फोन आला, भाऊजी विचारतायत उरलेले तेरा हजार पुढच्या महिन्यात येतील ना. मी म्हटलं संध्याकाळी बोलते. अजून लावला नाहीये.