योगशिक्षक हवेत : दोन बॅच, महिना १४,००० रुपये

इंदिरानगरमधील आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीला योगशिक्षक किंवा शिक्षिका हव्या आहेत. पहिली बॅच सकाळी ६ ते ७ आणि दुसरी, केवळ ज्येष्ठांसाठी, ७.१५ ते ८ अशी असेल. वर्ग सोमवार ते शनिवार क्लब हाऊसमध्ये होतील. थंडीत पहाटे नाशिककर घराबाहेर पडायला नाखूश असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दोन्ही वेळा अर्ध्या तासाने पुढे जातील. मानधन महिना १४,००० रुपये असून ते ५ तारखेच्या आत बँकेत जमा होईल. महिन्यातून दोन रजा घेतल्यास पैसे कापले जाणार नाहीत.

मानधन ठरावीक असावे, हा आग्रह मी सभेत धरला. मागील शिक्षकांना आम्ही माणशी ५०० रुपये देत होतो. मार्चमध्ये २२ जण होते, म्हणजे ११,००० रुपये झाले. जुलैच्या पावसात नऊच जण उरले आणि शिक्षकांच्या हाती ४,५०० रुपये पडले. ते मात्र तेवढ्याच पहाटे उठून येत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी वर्ग सोडला, यात त्यांची काहीही चूक नव्हती. आता प्रत्येक सदनिकेकडून १०० रुपये आणि येणाऱ्या सुमारे ३० जणांकडून प्रत्येकी २०० रुपये असे १४,४०० जमतील. गळती झाली, तर ती तूट सोसायटी भरेल, शिक्षक नव्हे. महिन्याचे साधारण ४५ तास भरतात, म्हणजे तासाला सुमारे ३०० रुपये पडतात; इंदिरानगरमध्येच राहणाऱ्या व्यक्तीला हे परवडेल, असे मला वाटते.

आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र असल्यास उत्तम, परंतु निवड आम्ही ज्येष्ठांच्या एका प्रत्यक्ष वर्गावरूनच करू. मध्यंतरी बदली म्हणून आलेल्या एका शिक्षकांनी कोणालाही काही न विचारता कपालभाती सुरू केली आणि ते मोठ्याने आकडे मोजत वेग वाढवत राहिले. रक्तदाबाची गोळी घेणारे आमच्या मजल्यावरचे काका चाळीस आकडे होण्याआधीच थांबले, त्यांनी दोन्ही तळवे सतरंजीवर टेकले आणि बराच वेळ मान वर केली नाही. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांना वेगाने कपालभाती द्यायची नसते, आणि काचबिंदू असलेल्यांना डोके खाली जाणारी आसने. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी शिक्षक रक्तदाब, गुडघे, डोळे आणि झालेल्या शस्त्रक्रिया यांची चौकशी करतात का, हे आम्ही प्रथम पाहू. आमच्या एका काकू खिडकीचा गज धरल्याशिवाय जमिनीवरून उठू शकत नाहीत; त्यांना वज्रासनात बसवण्याऐवजी खुर्चीवर काय करायला देता, हेही पाहू. शेवटची पाच मिनिटे शवासनासाठी राखून ठेवावीत, घाईने वर्ग उरकू नये.

इच्छुकांनी मला येथेच संदेश पाठवावा आणि त्यात ज्येष्ठांना शिकवण्याचा अनुभव किती वर्षांचा आहे, ते अवश्य लिहावे. चाचणी वर्गाचेही ३०० रुपये दिले जातील.