साडूंपेक्षा महाग कर्ज कसे मिळवावे

तुम्ही आणि तुमचे साडू इंदूरच्या बायपासकडे एकाच इमारतीत फ्लॅट घेताय. बँक एक, शाखा एक, रक्कम ४० लाख, मुदत २० वर्षे. पगारही जवळपास सारखाच. तरी त्यांना ८.५ टक्के आणि तुम्हाला ९.१ टक्के दर लागावा, अशी तुमची मनापासून इच्छा असेल तर थोडी मेहनत घ्यावी लागेल. हप्त्यात दरमहा सुमारे दीड हजाराचा फरक पडेल आणि वीस वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त रक्कम बँकेच्या पदरात जाईल. एवढे पुण्य फुकट मिळत नाही.

आधी मार्गातला अडथळा ओळखा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जात बँकेचा पाया बहुधा रेपो दर असतो आणि तो तुम्हा दोघांना सारखाच. त्यावर बँक आपला वाढावा चढवते, आणि त्यातला एक भाग तुमच्या जोखमीचा. बऱ्याच बँकांच्या दरपत्रकात क्रेडिट स्कोअरचे टप्पे सरळ छापलेले असतात: वरच्या टप्प्याला कमी दर, खालच्याला जास्त. म्हणजे तुम्हाला फक्त एक-दोन टप्पे घसरायचे आहे. हप्ते चुकवणे हा राजमार्ग आहेच, पण तो कुणालाही जमतो. आपण सभ्य माणसाचा मार्ग बघू.

क्रेडिट कार्ड काढा, ६० हजारांची मर्यादा असलेले. किराणा, पेट्रोल, मुलीची कोचिंगची फी, छप्पन दुकानची पार्टी, सगळे त्यावरच. पॉइंट मिळतात ना! १२ तारखेला ५४ हजारांचे बिल येऊ द्या आणि शेवटच्या तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १ ला, पै न् पै भरून टाका. एक रुपया व्याज नाही, एक दिवस उशीर नाही. तुम्ही आदर्श ग्राहक!

गंमत अशी की जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जाची माहिती क्रेडिट ब्यूरोकडे निदान पंधरवड्याला पाठवावी लागते. १५ तारखेची माहिती गेली तेव्हा तुमच्या नावावर ५४ हजार बाकी होते. मर्यादेच्या ९० टक्के. तुम्ही ते १ ला भरणार आहात, हे त्या आकड्याला कुठे ठाऊक? त्याला दिसतो तो गळ्यापर्यंत उधारीत बुडालेला माणूस. साडूंचा खर्चही ५४ हजार आणि कार्डही तेवढ्याच मर्यादेचे. पण तो खडूस माणूस ११ लाच ४० हजार भरतो. बिल येते १४ हजारांचे, वापर दिसतो २३ टक्के. जाणकार ३० टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, ते यासाठीच. आणि हे सुधारायला फार दिवस लागत नाहीत: बाकी कमी होऊन तशी नोंद गेली की आकडा हलतो. म्हणून अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधी चुकूनही असे काही करू नका. बँकेने आपणहून मर्यादा वाढवून दिली तर तीही बाणेदारपणे नाकारा.

दर काय मिळेल ते बघायला एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज ठोका. प्रत्येक जण तुमचा रिपोर्ट काढेल आणि प्रत्येक चौकशीची नोंद राहील. स्वतःचा रिपोर्ट मात्र स्वतः कधीही बघू नका. त्याने स्कोअर घटत नाही, मग उपयोग काय? चारही ब्यूरो वर्षातून एकदा तो फुकट देतात, पण फुकटच्या वस्तूला किंमत नसते. त्यात मामेभावाच्या गाडीच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिल्याची नोंद निघायची, किंवा जुने कार्ड कधीकाळी ‘तडजोड’ करून बंद केल्याचे ‘सेटल्ड’ असे अक्षर दिसायचे. नोंद चुकीची असेल तर तक्रार करता येते आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. खरी असेल तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून नोंद बदलून घेता येते. कोण करणार एवढी कटकट!

काही गोष्टींत तुमचे श्रेय नाही, हे मान्य करायला हवे. साडू नोकरीत आणि तुमचे राजवाड्याजवळ दुकान असेल, तर काही बँका तुम्हाला जरा चढाच दर लावतील. तिथे कार्डाची हुशारी पुरी पडत नाही. विवरणपत्रात उत्पन्न नेमके दाखवणे एवढाच उपाय, आणि दुकानदाराला असला सल्ला देण्याइतका मी निर्दयी नाही. वहिनींना सहकर्जदार केल्यास काही बँका थोडी सूट देतात. तेव्हा त्यांचे नाव शक्यतो घालूच नका.

कर्ज मिळाल्यावरही जपावे लागते. वर्षा-दोन वर्षांनी स्कोअर सुधारला, तर ‘माझ्या जोखमीचा भाग पुन्हा तपासा’ असा लेखी अर्ज देता येतो. नाही ऐकले, तर फ्लोटिंग दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसल्याने दुसरी बँक ते उचलू शकते. खर्च फक्त नव्या बँकेच्या प्रक्रिया शुल्काचा आणि कागदपत्रांचा. हा हिशोब साडू मागच्या रविवारी पोहे खाता खाता सांगत होते. तुम्ही तेव्हा जिलेबी मागवा. पैसे कार्डाने द्या.