"तंबाखू खाता का?" हा प्रश्नच चुकीचा आहे

गरोदर बाईला हा प्रश्न विचारला की बहुतेकदा "नाही" असंच उत्तर येतं, आणि ती खोटं बोलत नसते. तंबाखू खातात ते पुरुष. ती मशेरी लावते! तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू तिच्या लेखी दात घासायची पूड असते.

परवा एक सातव्या महिन्यातली मुलगी तपासणीला आली होती. २८ आठवडे भरलेले, पण टेपने पोटाची उंची मोजली तर २४ सेंटिमीटर. या दिवसांत आठवडे आणि सेंटिमीटर साधारण जुळतात. तीनपेक्षा जास्त फरक पडला की आम्ही सोनोग्राफीला पाठवतो. बाळ लहानच निघालं. विडी-सिगारेट, दारू सगळ्याला "नाही". मग विचारलं, "सकाळी दात कशाने घासतेस गं?" तर म्हणाली, "मशेरीनं. दिवसातून चारदा. सासूबाईंच्याच डबीतली."

हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि वारेकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा २००४ साली आलेला अभ्यास सांगतो की, मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावरच असतात. (विडीच्या धुरात वर कार्बन मोनॉक्साइड असतो, तो बाळाचा ऑक्सिजनच कमी करतो. नवऱ्याने घरात ओढली तरी धूर तिच्याच नाकात जातो. आणि दारूचं "थोडी चालेल" असं प्रमाणच नाही. फक्त रोज पिणारीने ती एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.)

"सोडून दे" म्हणणं सोपं आहे. तिची खरी अडचण वेगळीच होती: मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. ते खरंही आहे, निकोटिनने आतडी हलतात. म्हणून आधी त्याची सोय लावली. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, मग उतरत जाईल, हेही सांगितलं. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात चूळ भरायची, बडीशेप चघळायची. निकोटिनचा च्युइंगगम मात्र गरोदरपणात मनाने घ्यायचा नाही. फोनवर बोलायला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर दिला.

पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत बोलावलं, कारण डबी त्यांची. त्या आधी माझ्यावरच उखडल्या, "मी चार पोरं काढली मशेरी लावून." मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, चारांची वजनं किती होती? ती कुणी केलीच नव्हती.

मशेरी त्यांनी सोडली नाही. पण आता घरात भाजत नाहीत, आणि डबी कनवटीला असते.