पीएस४ भंगार झाला म्हणे! जरा आकडे बघू

फिरत असलेला मेसेज: "पीएस४ आता भंगार आहे भावांनो. नवीन गेम येतच नाहीत, आले तरी ७२०पी वर रडत चालतात. घ्यायचाच असेल तर सेकंडहँड प्रो घ्या, सरळ ६० एफपीएस मिळतं. नाहीतर आहे त्यातच एसएसडी टाका, एफपीएस डबल."

पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. २०२५ मधेच ईए एफसी २६, ब्लॅक ऑप्स ७ आणि एल्डन रिंग नाइटरेन हे तिन्ही पीएस४ वर आलेत, त्यामुळे "येतच नाहीत" हे सरळ चूक. हां, स्पायडरमॅन २, टेकन ८ आले नाहीत, आणि जीटीए ६ पण फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. शिवाय आलेला गेम पण पूर्ण तोच असतो असं नाही, एफसी चं पीएस४ व्हर्जन मॅचमधे ६० एफपीएस देतं पण हायपरमोशन वालं ॲनिमेशन त्यात नाहीये. पाकिटावर नाव एकच, आतला माल वेगळा.

७२०पी चं बोलायचं तर ते सायबरपंक वरून आलंय, आणि तिथे तक्रार खरीच होती. डिसेंबर २०२० ला गेम आला, साध्या पीएस४ वर इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने स्टोअरवरून काढला, जून २०२१ ला परत आणला, आणि पुढचं फँटम लिबर्टी पीएस४ ला दिलंच नाही. पण एका गेमवरून सगळ्यांना का झोडपताय? २०२२ चे हॉरायझन फॉरबिडन वेस्ट आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक त्याच साध्या पीएस४ वर १०८०पी ३० ने व्यवस्थित चालतात, कारण ते त्या मशीनचा जीव बघूनच बनवलेत.

आता प्रो. इथे लोकांचे खरे पैसे जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात तयार पाहिजे, ३० ला ३३.३ मिळतात. फ्रेममधे दोघांचं काम असतं, सीपीयू शत्रूंची हालचाल, फिजिक्स वगैरे बघतो आणि जीपीयू चित्र रंगवतो. साध्या पीएस४ चा जॅग्वार सीपीयू १.६ गिगाहर्ट्झ, प्रो मधे तोच जॅग्वार २.१३ ला पळवलाय, म्हणजे वाढ जेमतेम एक तृतीयांश. जीपीयू मात्र १.८४ टेराफ्लॉप्स वरून ४.२, दुपटीपेक्षा जास्त. म्हणजे प्रो पिक्सेल वाढवायला बनवलाय, फ्रेम वाढवायला नाही! समजा एखाद्या गेममधे सीपीयूलाच एका फ्रेमला २८ मिलिसेकंद लागतायत, तर प्रो वर ते २१ होतील, पण १६.७ च्या आत काही येत नाहीत, आणि रिझोल्यूशन कितीही पाडलं तरी सीपीयूचं ते काम फारसं कमी होत नाही.

प्रत्यक्षात बघायचं तर २०१८ चा गॉड ऑफ वॉर घ्या. प्रो वर त्यात दोन मोड आहेत, एक चेकरबोर्ड फोरके (म्हणजे दर फ्रेमला अर्धेच पिक्सेल रंगवायचे, बाकीचे आधीच्या फ्रेमवरून भरायचे) आणि ३० एफपीएस, दुसरा १०८०पी आणि एफपीएस मोकळा सोडलेला. दुसऱ्या मोडमधे रंगवायचे पिक्सेल निम्म्यावर येतात, तरी गेम बराच वेळ चाळीस-पन्नासच्या मधेच घुटमळतो. तोच गेम पीएस५ वर २०२१ च्या पॅचनंतर चेकरबोर्ड फोरके ठेवूनच ६० ला चालतो.

आणि हे चाळीस-पन्नास दिसायला पण विचित्र असतं. टीव्ही ६० हर्ट्झचा, प्रो ला व्हीआरआर नाही, म्हणजे टीव्ही आपला वेग गेमच्या फ्रेमप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे एक फ्रेम १६ मिलिसेकंद थांबते, पुढची ३३, परत १६. सावकाश कॅमेरा फिरवून बघा, दूरची भिंत अडखळत सरकताना दिसेल. मला तर त्यापेक्षा लॉक केलेले ३० बरे वाटतात, मित्र यावरून शिव्या घालतात ते सोडा.

एसएसडी मी स्वतः टाकलाय. लोडिंग बरंच कमी झालं, पळताना टेक्स्चर उशिरा उगवायचे तेही कमी झालं, पण एल्डन रिंग मधे जिथे फ्रेम पडायच्या तिथे अजूनही पडतातच. डिस्क डेटा मेमरीत आणून देते, फ्रेम काही ती बनवत नाही. डेटा उशिरा आल्यामुळे जे झटके बसतात तेवढे जातात. फरक ओळखायचा असेल तर एकाच जागी उभं राहून कॅमेरा गोल फिरवा, दोन-तीन फेऱ्यांनंतर पण तिथेच अडखळत असेल तर बहुतेक डिस्कचा दोष नाही, तिथे एसएसडी वर पैसे घालू नका.